ईसीजीवर 'बंडल ब्रँच ब्लॉक' आलाय? उजवा आणि डावा, दोघांचा अर्थ वेगळा का असतो

दोन ईसीजी डोळ्यांसमोर आणा.

पहिला ३४ वर्षांच्या एका तरुणाचा. नवीन नोकरीसाठी मेडिकल करायला सांगितलं म्हणून काढलेला. त्याला कसलाच त्रास नाही. कागदाच्या वरच्या बाजूला मशीनने छापलंय: RBBB, म्हणजे राइट बंडल ब्रँच ब्लॉक.

दुसरा ६१ वर्षांच्या एका बाईंचा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी 'फिटनेस' हवा म्हणून काढलेला. बीपीची गोळी बारा वर्षांपासून चालू आहे. त्यांच्या कागदावर छापलंय: LBBB, म्हणजे लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक.

दोन्ही घरांत पहिला प्रश्न एकच असतो: "ब्लॉक आहे म्हणजे अँजिओप्लास्टी करावी लागणार का?"

दोघांच्या रिपोर्टमध्ये फरक फक्त एका अक्षराचा आहे. पण त्या एका अक्षरामुळे पुढचा सगळा रस्ता बदलतो. तो का बदलतो, हे समजून घ्यायला आधी 'ब्लॉक' या शब्दातला गोंधळ दूर करावा लागतो.

हा ब्लॉक रक्ताच्या नळीतला नाही

आपल्याकडे 'हार्टमध्ये ब्लॉक' म्हटलं की रक्तवाहिनीत साचलेली चरबी आठवते. नळी तुंबली, स्टेंट टाकला, असं ते गणित असतं. बंडल ब्रँच ब्लॉक ही वेगळी गोष्ट आहे. घरात नळाची पाइपलाइन वेगळी आणि विजेची वायरिंग वेगळी, तसंच हृदयाचंही आहे. रक्तवाहिन्या ही पाइपलाइन. बंडल ब्रँच ही वायरिंग. ईसीजीवरचा हा ब्लॉक वायरिंगमधला आहे.

हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या एका बारीक लहरीने सुरू होतो. ही लहर वरच्या उजव्या कप्प्यात तयार होते आणि मधल्या एका गाठीपाशी क्षणभर थांबते. तिथून ती एका जाडसर तारेतून खाली उतरते. या तारेला 'हिसचं बंडल' म्हणतात, कारण विल्हेल्म हिस या डॉक्टरांनी १८९३ मध्ये तिचं वर्णन केलं होतं. खाली आल्यावर या तारेला दोन फांद्या फुटतात. उजवी फांदी उजव्या खालच्या कप्प्याला वीज देते आणि डावी फांदी डाव्या खालच्या कप्प्याला. उजवा कप्पा रक्त फुप्फुसांकडे पाठवतो, तर डावा कप्पा ते सगळ्या शरीराला पाठवतो.

दोन्ही फांद्या ठीक असतील तर दोन्ही कप्पे जवळपास एकाच वेळी आकुंचन पावतात. एक फांदी काम करेनाशी झाली तर त्या बाजूचा कप्पा बंद पडत नाही. त्याला वीज मिळते, पण उशिरा. चालू असलेल्या बाजूकडून ती स्नायूंमधून, पेशीपेशीतून वाट काढत पोहोचते. महामार्ग बंद झाल्यावर गाड्या गावातल्या गल्ल्यांतून जाव्यात, तसा हा प्रकार. गाड्या पोहोचतात, पण वेळ जास्त लागतो.

हा जास्तीचा वेळच ईसीजीच्या कागदावर दिसतो.

तीन बारीक घरं

ईसीजीचा कागद साधारणपणे सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. त्यावरचं एक बारीक घर एक मिलिमीटरचं असतं, म्हणजे ०.०४ सेकंदाचं. खालचे दोन्ही कप्पे विजेने भारले जात असताना जी उंच टोकदार रेघ उमटते, तिला क्यूआरएस म्हणतात. निरोगी मोठ्या माणसात ती अडीच घरांच्या आसपास किंवा त्याहून अरुंद असते.

ही रेघ तीन घरं किंवा त्याहून जास्त रुंद झाली, म्हणजे ०.१२ सेकंद ओलांडले, की डॉक्टरांना फांदीत अडथळा असल्याचा संशय येतो. रिपोर्टवर हाच आकडा '१२० मिलिसेकंद' असा लिहिलेला असतो.

रुंदीवरून उशीर झालाय एवढंच कळतं. कोणत्या बाजूला झालाय, हे आकारावरून ठरतं. त्यासाठी दोन जागा बघतात. छातीच्या मधल्या हाडाला लागून उजवीकडे लावलेली चकती म्हणजे V1, आणि डाव्या काखेखाली लावलेली चकती म्हणजे V6. नियम सोपा आहे. वीज चकतीच्या दिशेने येत असेल तर रेघ वर जाते आणि लांब जात असेल तर खाली उतरते.

उजवा ब्लॉक असेल तर उजवा कप्पा सगळ्यात शेवटी जागा होतो. म्हणजे शेवटची वीज उजवीकडे, V1 च्या दिशेने येते. त्यामुळे V1 मध्ये रेघ एकदा थोडी वर, मग खाली आणि शेवटी पुन्हा मोठी वर जाते. आकार सशाच्या कानांसारखा दिसतो. त्याच वेळी V6 मध्ये शेवटी एक रुंद, रेंगाळलेला खळगा उमटतो.

डाव्या ब्लॉकमध्ये याच्या उलट घडतं. वीज जवळपास सुरुवातीपासूनच उजवीकडून डावीकडे जाते. त्यामुळे V1 मध्ये रुंद, खोल खड्डा दिसतो आणि V6 मध्ये रुंद, माथ्यावर खाच पडलेला डोंगर.

आज हे सरळ वाटतं, पण सुरुवातीला डॉक्टरांनीही यात मोठी गल्लत केली होती. १९१० च्या सुमारास व्हिएन्नात कुत्र्यांच्या हृदयातल्या या फांद्या कापून ईसीजी काढले गेले आणि तेच आकार माणसांना लावले गेले. पण कुत्र्याच्या छातीतली हृदयाची ठेवण माणसासारखी नसते. त्यामुळे जवळपास वीस वर्षं माणसांमधल्या डाव्या ब्लॉकला उजवा आणि उजव्याला डावा म्हटलं जात होतं. १९३० च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातल्या कामामुळे, विशेषतः फ्रँक विल्सन यांच्यामुळे, ही चूक दुरुस्त झाली.

उजवा ब्लॉक निरोगी माणसातही का सापडतो?

यामागचं मोठं कारण दोन्ही फांद्यांच्या बांधणीत आहे. उजवी फांदी बारीक, लांब आणि एकेरी असते. बराच अंतर ती हृदयाच्या आतल्या पृष्ठभागाच्या जवळून जाते. एखाद्या लहानशा जागी इजा झाली किंवा वयानुसार थोडा भाग कडक झाला, तरी तिचं काम थांबू शकतं. उजव्या कप्प्यात तपासणीसाठी नळी घातली असताना तिचा नुसता धक्का लागूनही हा ब्लॉक तात्पुरता येऊ शकतो.

म्हणूनच कसलाही त्रास नसलेल्या, बाकी हृदय निरोगी असलेल्या माणसातही उजवा ब्लॉक सापडतो. वय वाढतं तसं कोणत्याही बाजूच्या ब्लॉकचं प्रमाणही वाढतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात १९१३ साली जन्मलेल्या पुरुषांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांच्यात बंडल ब्रँच ब्लॉकचं प्रमाण पन्नाशीत सुमारे १ टक्का होतं. ऐंशीव्या वर्षी ते १७ टक्क्यांवर गेलं होतं.

तरीही डॉक्टर उजवा ब्लॉक बघून लगेच कागद बाजूला ठेवत नाहीत. उजव्या कप्प्यावर ताण येतोय का, हे ते बघतात. फुप्फुसांचा जुना आजार, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधला वाढलेला दाब, तिथे अडकलेली रक्ताची गुठळी किंवा वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून असलेलं छिद्र, यांपैकी काहीही मागे असू शकतं. हे छिद्र कधीकधी तिशी-चाळिशीपर्यंत लक्षातच येत नाही, आणि ईसीजीवरचा हा आकार हीच त्याची पहिली खूण ठरते. अशा वेळी स्टेथोस्कोपने तपासणं आणि गरज वाटल्यास टूडी इको करणं उपयोगी पडतं.

मशीन इथे फसूही शकतं. V1 ची चकती एक-दोन इंच वर लावली गेली, तरी ब्लॉक नसताना सशाच्या कानांसारखा आकार उमटू शकतो. दुसरी चूक जास्त महागात पडणारी आहे. ब्रुगाडा नावाच्या आनुवंशिक दोषातही V1 आणि V2 मध्ये उजव्या ब्लॉकसारखं चित्र दिसतं. फरक असा, की तिथे रेघ उंचावरून उतरणीसारखी हळूहळू खाली येते. या दोषात हृदयाची लय अचानक बिघडू शकते. म्हणून घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल किंवा स्वतःला कधी कारण नसताना शुद्ध हरपली असेल, तर हे डॉक्टरांना न विचारता सांगावं. मशीनने फक्त 'उजवा ब्लॉक' छापलं असलं तरी.

डावा ब्लॉक दिसला की इको का सांगतात?

डावी फांदी उजवीसारखी नाजूक नसते. ती रुंद असते, लगेच पंख्यासारखी पसरते आणि तिच्या मुख्य दोन उपफांद्या होतात. तिला रक्तही एकाहून जास्त ठिकाणांहून मिळतं. एवढी पसरलेली फांदी निकामी व्हायची तर सहसा आजूबाजूच्या स्नायूतही बराच बिघाड झालेला असतो. म्हणून डावा ब्लॉक ही अनेकदा स्नायूच्या आजाराची ईसीजीवर पडलेली सावली असते.

मागची नेहमीची कारणं म्हणजे अनेक वर्षांचं बीपी आणि त्यामुळे जाड झालेला डावा कप्पा, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार किंवा पूर्वी येऊन गेलेला हार्ट अटॅक, कमजोर होऊन पसरलेला हृदयाचा स्नायू, आणि कडक होऊन अरुंद झालेली महाधमनीची झडप. काही थोड्या लोकांत यातलं काहीच सापडत नाही आणि फक्त वायरिंग झिजलेली असते. पण हा निष्कर्ष तपासण्यांनंतर काढायचा असतो, आधी नाही. त्यामुळे डावा ब्लॉक पहिल्यांदा सापडला की त्रास असो वा नसो, टूडी इको करायला सांगतात.

तपासण्या निवडतानाही हा ब्लॉक आड येतो. पट्ट्यावर चालवून काढायची स्ट्रेस टेस्ट ईसीजीच्या रेघांमधल्या बारीक बदलांवर अवलंबून असते. डाव्या ब्लॉकमध्ये त्या रेघा मुळातच बिघडलेल्या असतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांबद्दल शंका असेल तर डॉक्टर सीटी अँजिओग्राफी किंवा औषध देऊन करायचं स्कॅन असा दुसरा मार्ग निवडतात.

छातीत दुखत असताना ब्लॉक दिसला तर?

हार्ट अटॅक ओळखताना क्यूआरएसनंतरची रेघ, म्हणजे एसटीचा भाग, वर उचलला गेलाय का हे बघतात. डाव्या ब्लॉकमध्ये हा भाग अटॅक नसतानाही जागचा हललेला असतो. क्यूआरएस खाली गेलेला असेल तिथे एसटी वर असतो आणि क्यूआरएस वर असेल तिथे एसटी खाली. त्यामुळे अटॅक नसताना तो आहे असं वाटू शकतं. आणि खरा अटॅक असला तर तो याच गोंधळात लपूही शकतो.

यातून वाट काढणारे निकष १९९६ मध्ये एलेना स्गारबोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. त्यांचा गाभा असा: डाव्या ब्लॉकमध्ये एसटी क्यूआरएसच्या उलट दिशेला असणं अपेक्षित आहे. तो त्याच दिशेला गेलेला दिसला किंवा उलट दिशेला पण फारच जास्त सरकला, तर अटॅकचा संशय बळावतो.

एके काळी छातीत दुखणं आणि नवा डावा ब्लॉक एवढ्यावरच अटॅक धरून उपचार सुरू करत. २०१३ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं, की नुसता नवा डावा ब्लॉक हा अटॅकचा पुरावा मानू नये. त्यासोबत लक्षणं, हे निकष, रक्तातल्या ट्रोपोनिनची तपासणी आणि इको यांचा एकत्र विचार होतो.

उजव्या ब्लॉकमध्ये अटॅक ओळखणं तुलनेने सोपं असतं. पण म्हणून उजवा ब्लॉक नेहमी निरुपद्रवी, असं नाही. उजव्या फांदीला मुख्यतः हृदयाच्या समोरच्या मोठ्या रक्तवाहिनीतून रक्त मिळतं. ती वाहिनी वरच्या भागात अचानक बंद पडली तर अटॅकसोबत नवा उजवा ब्लॉक येऊ शकतो. असा अटॅक मोठा असतो.

इथे एक जुना कागद फार कामाला येतो. आजचा ब्लॉक नवा की पाच वर्षांपूर्वीचा, हे मशीनला माहीत नसतं. जुन्या ईसीजीचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर डॉक्टरांना ते लगेच ठरवता येतं. मात्र छातीत दाब, घाम किंवा धाप असेल तर कागद शोधत बसू नये. महाराष्ट्रात १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावं.

ब्लॉकमुळेच हृदय थकतं तेव्हा

डावा ब्लॉक ही फक्त खूण असते असंही नाही. काही रुग्णांत तो स्वतःच आजार वाढवतो.

डाव्या कप्प्याच्या दोन भिंती एकाच वेळी आवळल्या की रक्त जोरात बाहेर पडतं. डाव्या ब्लॉकमध्ये मधली भिंत आधी आवळते आणि बाहेरची उशिरा. रस्सीखेचीत एकाच संघातल्या गड्यांनी वेगवेगळ्या वेळी जोर लावावा, तसं होतं. ताकद लागते, पण काम कमी होतं. वर्षानुवर्षं असं चाललं की काहींचा कप्पा पसरतो आणि कमजोर होतो.

यावर सीआरटी नावाचा उपचार आहे. हा एक खास पेसमेकर असतो. त्याची एक तार उजव्या कप्प्यात असते आणि दुसरी हृदयाच्या शिरेतून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत नेतात. दोन्हीकडे जुळवून वीज दिली की भिंती पुन्हा जवळजवळ एकत्र आवळतात. अलीकडे तार थेट डाव्या फांदीच्या जागी बसवण्याची पद्धतही वापरात आली आहे.

हा उपचार डावा ब्लॉक असलेल्या प्रत्येकासाठी नाही. इकोमध्ये हृदयाचा पंपिंगचा आकडा, म्हणजे ईएफ, ३५ टक्के किंवा कमी हवा. योग्य औषधं निदान तीन महिने घेऊनही धाप किंवा थकवा राहिलेला हवा. आणि क्यूआरएस १५० मिलिसेकंद किंवा त्याहून रुंद असेल तर सगळ्यात चांगला फायदा दिसतो. ज्यांना फक्त उजवा ब्लॉक असतो, त्यांना सीआरटीचा असा फायदा सहसा होत नाही.

चक्कर येऊन पडणं वेगळं समजावं

एक फांदी बंद असली तरी दुसरीच्या आधारावर काम चालतं. पण तीही मधूनमधून बंद पडू लागली तर खालच्या कप्प्यांना वीजच पोहोचत नाही. ठोके काही सेकंद थांबतात आणि माणूस अचानक कोसळतो. थोड्या वेळाने तो उठून बसतो, ईसीजीही पुन्हा पूर्वीसारखाच दिसतो, आणि घरचे म्हणतात की उन्हाने चक्कर आली असेल.

बंडल ब्रँच ब्लॉक आहे हे माहीत असताना अशी शुद्ध हरपली तर ते अंगावर काढू नये. डॉक्टर अशा वेळी चोवीस तासांचं किंवा त्याहून लांबीचं ईसीजी रेकॉर्डिंग करतात. एकदा उजवा आणि एकदा डावा असा आलटून पालटून ब्लॉक दिसला, तर दोन्ही फांद्या धोक्यात असल्याचं समजतात आणि पेसमेकरचा सल्ला देतात.

त्या दोन कागदांचं काय झालं?

सुरुवातीच्या तरुणाचा क्यूआरएस १३२ मिलिसेकंद होता आणि V1 मध्ये सशाचे कान स्पष्ट दिसत होते. डॉक्टरांनी धाप, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं आणि घरातल्या मृत्यूंबद्दल विचारलं. सगळ्याची उत्तरं 'नाही' अशी होती. बीपी नॉर्मल होतं. टूडी इकोमध्ये पडद्याला छिद्र नव्हतं आणि उजवा कप्पा नेहमीच्या आकाराचा होता. त्याला औषध दिलं नाही. ईसीजी जपून ठेवायला आणि पुढे कधी चक्कर किंवा धाप लागली तर दाखवायला सांगितलं. नोकरीसाठी तो फिट ठरला.

बाईंचा क्यूआरएस १५८ मिलिसेकंद होता. विचारल्यावर त्या म्हणाल्या, की दोन जिने चढताना दम लागतो, पण वयामुळे असेल असं वाटलं. इकोमध्ये डावा कप्पा पसरलेला होता आणि ईएफ ३० टक्के होता. निरोगी माणसात हा आकडा साधारण ५५ च्या वर असतो. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. म्हणजे पाइपलाइन ठीक होती. बिघाड स्नायूत आणि वायरिंगमध्ये होता. त्यांना हृदयाच्या कमजोरीची औषधं सुरू झाली आणि तीन महिन्यांनी पुन्हा इको करायचं ठरलं. तेव्हाही आकडा वर आला नाही तर सीआरटीचा विचार होणार आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन भूल देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून नंतर करायचं ठरलं.

हे दोन्ही रुग्ण समजावून सांगण्यासाठी रचलेले आहेत, पण दवाखान्यात निर्णय याच क्रमाने होतात. आधी बाजू, मग लक्षणं, मग इको. रिपोर्टवर 'ब्लॉक' दिसला तर डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही तेच आहेत: उजवा की डावा, नवा की जुना, आणि इकोमध्ये स्नायू कसा आहे?